अभिरूप न्यायालय: याचिकाकर्तीतर्फे समारोपाचा युक्तिवाद

न्यायमूर्ती महोदय,

सोसायटीच्या सेप्टिक टाकीत मृत्यू पावलेल्या याचिकाकर्तीच्या पतीबद्दल माझ्या विद्वान मित्रांनी काल आणि आज मिळून एकच वाक्य तीन प्रकारे मांडलं. तो स्वतःहून उतरला. सोसायटी म्हणते, आम्ही त्याला उतरायला सांगितलं नव्हतं. ठेकेदार म्हणतो, त्याचं काम वरचं होतं. महापालिका म्हणते, जागा खाजगी, ठेका खाजगी, आमचा संबंध नाही. तिघांचाही बचाव या एका वाक्यावर उभा आहे. म्हणून माझा बहुतेक वेळ मी एकाच प्रश्नाला देणार आहे. तो का उतरला?

ज्या गोष्टींबद्दल कुणाचाच वाद नाही, त्यांपासून सुरुवात करते. सोसायटीची सेप्टिक टाकी भरली होती. सोसायटीने प्रभाग कार्यालयात मैला उपसण्याच्या गाडीसाठी अर्ज केला. अर्जाची पोच परिशिष्ट ब मध्ये आहे. गाडी नऊ दिवसांनी मिळेल, असं उत्तर आलं. नऊ दिवस थांबायचं नव्हतं, म्हणून ठेकेदाराला बोलावलं. ठेकेदाराने दोन माणसं पाठवली. एकाने आत उतरून गाळ बादलीत भरायचा, दुसऱ्याने वरून बादली ओढायची. दोघांची मजुरी सारखी. पंचनाम्यात टाकीजवळ सापडलेल्या वस्तूंची यादी आहे: एक लोखंडी बादली, एक फावडं, एक नायलॉनची दोरी. कमरेला बांधायचा पट्टा नाही. श्वसनाचा मुखवटा नाही. गॅस तपासण्याचं यंत्र नाही. दोरी होती, न्यायमूर्ती महोदय, पण ती बादलीला बांधलेली होती. माणसाला नव्हे.

पहिला माणूस खाली गेला आणि कोसळला. का कोसळला, हेही अभिलेखावर आहे. अशा टाकीत हायड्रोजन सल्फाईड साठतो. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी राहतो. थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. उतरणाऱ्याला वाटतं, आता बरं आहे. आणि त्याच क्षणी तो सगळ्यात मोठ्या धोक्यात असतो. वर उभ्या असलेल्या माणसाला यातलं काहीच दिसत नाही. त्याला दिसतो फक्त आपला सोबती, तोंडावर पडलेला, हाक मारली तरी न हलणारा.

तो वर उभा असलेला माणूस म्हणजे याचिकाकर्तीचा पती. त्याने हाका मारल्या. मदतीला कुणी नव्हतं. पट्टा नव्हता, मुखवटा नव्हता, अग्निशमन दलाला फोन झाला होता पण गाडी पोचली नव्हती. तो उतरला.

आता माझे मित्र म्हणतात, धोका माहीत असून तो उतरला, म्हणजे त्याने धोक्याला संमती दिली. संमतीचं हे तत्त्व जुनं आहे, पण त्याची मर्यादाही तितकीच जुनी आहे. १९३५ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने हेन्स विरुद्ध हारवुड या खटल्यात ती आखून दिली. भर रस्त्यात उधळलेले घोडे अडवायला एक पोलीस शिपाई धावला आणि जखमी झाला. घोडे मोकळे सोडणारे म्हणाले, तो स्वतःहून धावला. न्यायालयाने ते मानलं नाही. दुसऱ्याच्या निष्काळजीपणातून जो धोका उभा राहतो, त्यात कुणीतरी वाचवायला धावेल हे निष्काळजी माणसाला आधीच कळायला हवं. वाचवणाऱ्याचं धावणं ही त्या निष्काळजीपणाचीच पुढची पायरी असते. तिला संमती म्हणत नाहीत.

आणि आपल्याकडे तर याहून स्पष्ट कायदा आहे. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या अधिनियमाचं कलम ७ म्हणतं: कोणतीही व्यक्ती, स्थानिक प्राधिकरण किंवा एजन्सी, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे, कुणालाही गटार किंवा सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईच्या कामाला लावणार नाही. धोकादायक म्हणजे काय, तेही अधिनियमातच लिहिलं आहे: मालकाने संरक्षक साधनं न देता करून घेतलेली हाताची सफाई. वरून बादली ओढणारा या सफाईच्या बाहेर कसा? बादली भरणारा एक, ओढणारा दुसरा, काम एकच. ठेकेदाराने दोघांना एकाच कामावर नेमलं आणि दोघांनाही एकही साधन दिलं नाही. कलम ७ त्याच क्षणी मोडलं, झाकण उघडण्याच्याही आधी.

एवढं होऊनही कुणी म्हणेल, पण ती आणीबाणी होती. त्याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी सफाई कर्मचारी आंदोलनाच्या खटल्यात देऊन ठेवलं आहे. सुरक्षा साधनांशिवाय गटारात माणूस उतरवणं हा आणीबाणीतही गुन्हा ठरला पाहिजे, असं न्यायालय म्हणालं. ‘आणीबाणीतही’ हा शब्द मी मुद्दाम पुन्हा उच्चारते. आणीबाणी त्या मजुराने निर्माण केली नव्हती. बिनापट्ट्याचा, बिनामुखवट्याचा पहिला माणूस खाली सोडला, तेव्हाच ती निर्माण झाली होती.

राहिली महापालिका. तिचा बचाव मी थोडक्यात घेते, कारण तो टिकण्यासारखा नाही. खाजगी सोसायटीच्या टाकीतले मृत्यू या राज्यात नवे नाहीत. गोवंडीच्या प्रकरणात २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की भरपाईची जबाबदारी आधी शासनाने उचलावी, आणि मग जे दोषी असतील त्यांच्याकडून ती वसूल करावी. विधवेने सोसायटी, ठेकेदार आणि कार्यालय यांच्यामध्ये हेलपाटे घालायचे नाहीत. शिवाय इथे महापालिकेला अंधारात ठेवलेलं नव्हतं. टाकी भरल्याचं तिला लेखी माहीत होतं. सफाईसाठी आधुनिक यंत्रणा वापरण्याचं कर्तव्य कलम ३३ ने स्थानिक प्राधिकरणावरच टाकलं आहे. तिने गाडी दिली नाही. नऊ दिवसांची तारीख दिली.

म्हणून आमच्या मागण्या अशा. २० ऑक्टोबर २०२३ रोजी डॉ. बलराम सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलेली ३० लाख रुपयांची भरपाई याचिकाकर्तीला द्यावी. ती प्रथम महापालिकेने अदा करावी आणि सोसायटी व ठेकेदाराकडून वसूल करण्याची मुभा तिला असावी. कलम ७ च्या भंगाबद्दल गुन्हा नोंदवण्याचा आदेश व्हावा. आणि मृताची नोंद कामावर असताना मृत्यू पावलेला सफाई कामगार अशी व्हावी. भरपाईचा आकडा आज ना उद्या मिळेल. ही शेवटची मागणी मात्र याचिकाकर्तीने स्वतः आग्रहाने घालायला लावली आहे, कारण ठेकेदाराच्या जबाबात तिच्या पतीचा उल्लेख ‘तिथे उपस्थित असलेला एक इसम’ असा आहे. तो उपस्थित नव्हता, न्यायमूर्ती महोदय. तो कामावर होता. आणि त्याच्या सोबत्यासाठी त्या आवारातून दुसरं कुणीही खाली गेलं नाही.

तो का उतरला? आपला माणूस खाली पडला होता, आणि त्याला वर आणण्यासाठी जे जे तिथे असायला हवं होतं, त्यातलं एकच हजर होतं: तो स्वतः.

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी लिहिलं, तो गुदमरून मेला. तो कोणामुळे मेला, हे आता या न्यायालयाने लिहावं.