मानपत्र : आदरणीय तात्यांना, समस्त ग्रामस्थांकडून

आदरणीय तात्या,

विहिरीचा तळ बघतच या गावातली माणसं लहानाची मोठी झाली. अशा गावात २०१० साली तुम्ही दोन एकर डाळिंबाला ठिबक केलं, तेव्हा "थेंबानं कुठं झाड भिजतंय का" म्हणणारे आम्हीच होतो. तेच आम्ही आज हे मानपत्र घेऊन तुमच्यापुढे उभे आहोत.

२०१२ च्या दुष्काळात टँकरचं पाणी विकत आणून बागा जगवायची वेळ आली. तुमच्या विहिरीवरची मोटर जेमतेम तासभर चालायची, पण तेवढ्या पाण्यावर तुमची बाग तगली. बांधावरून ते बघून आम्ही तुमच्या वस्तीवर आलो. तुम्ही कुणाला परत पाठवलं नाही, मागचं बोलणंही कधी काढलं नाही.

अमावस्येला गावात कुणी औत जुंपत नाही, म्हणून तुम्ही तोच दिवस शिकवायला धरला. ड्रीपरखाली भांडं ठेवून हातात घड्याळ घ्यायचं. ताशी ४ लिटरचा ड्रीपर असेल तर १५ मिनिटांत लिटरभर पाणी जमलं पाहिजे. कमी आलं की समजायचं, क्षार धरलाय. ही परीक्षा तुम्ही प्रत्येकाला स्वतःच्या हातानं करायला लावली. फिल्टर धुणं, लॅटरलचं टोक सोडून गाळ काढणं, व्हेंच्युरीतून खत देणं, मूठभर माती दाबून वाफसा ओळखणं, सगळं तुमच्याच शेतात शिकलो. "ॲसिड पाण्यात ओतायचं, ॲसिडात पाणी कधीच नाही," हे तुमचं वाक्य तर आता घराघरातली पोरंही म्हणतात.

आणखी एक गोष्ट इथं लिहिलीच पाहिजे. पहिल्या वर्षी फिल्टरकडे दुर्लक्ष झालं आणि तुमच्या दोन ओळी वाळल्या. ती वाळलेली खोडं तुम्ही मुद्दाम ठेवली आणि शिकायला येणाऱ्याला आधी तीच दाखवली. स्वतःची चूक अशी उघडी करून शिकवणारा माणूस आम्ही दुसरा पाहिला नाही.

एवढं करून तुम्ही कुणाकडून रुपया घेतला नाही. अनुदानाच्या अर्जासाठी सातबारा, आठ-अ गोळा करून पोरांना तालुक्याला नेलंत, तेही पदरच्या पेट्रोलनं. काकूंचा उल्लेख केल्याशिवाय हे मानपत्र पुरं होणार नाही. दर अमावस्येला वीस-पंचवीस माणसांचा चहा त्यांनी केला आणि बायकांना लॅटरल जोडायला त्यांनीच शिकवलं. आज गावातल्या बहुतेक बागा ठिबकवर आहेत.

आज कृषी दिनी, मारुती मंदिरासमोर, शाल-श्रीफळ आणि काकूंना साडीचोळी देऊन आम्ही तुम्हा उभयतांचा सत्कार करतो. गावाच्या या मायेचा स्वीकार व्हावा. येत्या अमावस्येला खालच्या वस्तीवरची पाच नवी पोरं यायची म्हणतात. पंच आणि ग्रोमेट त्यांना बरोबर आणायला सांगितलं आहे.

आपले,
समस्त ग्रामस्थ
तालुका सांगोला, जिल्हा सोलापूर
१ जुलै २०२५