मनूच्या लग्नात पंगतीआधी लावायचा व्हिडिओ

नमस्कार मंडळी. मी मनूचा दादा, हॅम्बुर्गहून बोलतोय.

सगळ्या वडीलधाऱ्यांना इथूनच वाकून नमस्कार. हे रेकॉर्डिंग मी आधीच करून पाठवलंय. म्हणजे तुम्ही ऐकाल तेव्हा ११.३७ चा मुहूर्त साधलेला असेल, मामांनी मनूला बोहल्यावर आणलेलं असेल आणि शेवटच्या मंगलाष्टकेला काकूचा सूर नेहमीसारखा वर गेलेला असेल. तेव्हा इथे सकाळचे सात वाजून सात मिनिटं. डिसेंबरात या वेळेला बाहेर मिट्ट काळोख असतो. मी आणि केतकी अक्षता घेऊन फोनसमोर उभे असणार. नंतर स्वयंपाकघरभर तांदूळ झाडायला मीच.

का आलो नाही, हे बहुतेकांना माहीत आहे. केतकीला नववा महिना लागलाय. तिला विमानात बसू देत नाहीत, आणि तिला इथे एकटं टाकून मी येतो म्हटलं असतं, तर मनूनेच मला दादरच्या हॉलच्या दारातून परत पाठवलं असतं. तसं तिने फोनवर सांगितलंही. स्वतःच्या लग्नाची तारीख ठरत असताना.

ती अशीच आहे, लहानपणापासून. २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो दिवस. मी आठवीत, ती तिसरीत. दादरच्या शाळेतून लालबागला घरी चालत निघालो. हिंदमाताला पाणी माझ्या कमरेच्या वर, मग तिला पाठुंगळी घेतलं. मला वाटलं, रडेल. छे! हिने छत्री मिटली आणि माझ्या खांद्यावरून पाण्यात ठोकत ठोकत मला हुकूम द्यायला सुरुवात केली. 'दादा, थांब. गटाराचं झाकण उघडं असेल. डावीकडे हो.' घरी पोचलो तर चाळीतल्या सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. ओझं माझ्या पाठीवर होतं, हे खरं. पण घरी कोणी कोणाला आणलं, यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही.

तर समीरराव, एवढंच लक्षात ठेवा. ती 'थांब' म्हणाली की थांबायचं. का, ते नंतर विचारायचं.

मी इकडे आलो आणि घर तिच्यावर पडलं. बाबांची अँजिओप्लास्टी झाली, ते मला कळलं बाबा घरी येऊन पेज प्यायल्यावर. मी फोनवर खूप चिडलो. ती म्हणाली, 'तू विमानभर रडत आला असतास. इथे मला फॉर्म भरायला माणूस हवा होता, तो शेजारून मिळाला.' यावर काय बोलणार? मनू, हे तुला कधी तोंडावर बोललो नाही, आता दोनशे माणसांसमोर बोलतो. मी इथे निर्धास्तपणे नोकरी केली, ती तू तिथे होतीस म्हणून.

आई, तू आता डोळ्याला पदर लावला असशील. अगं, मुलगी पार्ल्याला चाललीये. करी रोडला गाडी पकडायची, दादरला पूल चढून वेस्टर्नला जायचं, की पोचलीस. लांब गेलाय तो मुलगा.

समीरराव, कानपिळीचा मान माझा होता. माझ्या जागी बंटी उभा राहिला असेल, पण त्याचा हात हलका आहे, तेव्हा ती कानपिळी मी धरत नाही. माझी वसुली बाकी आहे. इकडे या, बारशाला. आत्याशिवाय बारसं व्हायचं नाही. मनू, बाळाच्या कानात नाव तूच सांगायचंस आणि पाठीवर धपाटेही तूच खायचेस. केतकीने हात आत्तापासून तयार ठेवलाय. नाव मात्र जोडाक्षरांचं नको. इथल्या लोकांना माझंच अजून नीट म्हणता येत नाही.

आता इकडच्या पद्धतीप्रमाणे ग्लास उंचावून शुभेच्छा द्यायच्या असतात. आपल्याकडे मठ्ठा आहे. पंगत बसली की जिलबीला हात लावण्याआधी ज्याच्या त्याच्या हातात मठ्ठ्याचा पेला दिसला पाहिजे. बाबा, तुम्ही पहिले, आणि आज जिलबी एकच. समीरच्या आईबाबा, तुम्हीही घ्या. आमची मनू तुमच्या घरी आली, तुमचा समीर आमच्या घरी आला. हिशेब चोख.

मनू, समीर, सुखाने नांदा, कडकडून भांडा, पण जेवायला एकत्र बसा.

चला, उचला मठ्ठा!