प्रश्न: बॅरोरिसेप्टर प्रतिक्षिप्त क्रियेने रक्तदाबाचे नियमन कसे होते, ते सविस्तर लिहा. (10 गुण)

प्रस्तावना

झोपलेला माणूस उभा राहिला की सुमारे 500 ते 700 मिली रक्त पाय आणि पोटातील शिरांत साचते. हृदयाकडे परतणारे रक्त घटते आणि दाब उतरू लागतो. तरीही निरोगी माणसाला भोवळ येत नाही, कारण काही सेकंदांतच ही प्रतिक्षिप्त क्रिया दाब सावरते.

यंत्रणा

बॅरोरिसेप्टर हे ताण ओळखणारे चेतातंतूंचे टोक असतात. नाव दाबाचे असले, तरी त्यांना कळतो तो रक्तवाहिनीच्या भिंतीचा ताण. ते कॅरोटिड सायनस आणि महाधमनीच्या कमानीत असतात. सायनसमधील संदेश ग्लॉसोफॅरिंजियल चेतेतून, तर कमानीतील संदेश व्हेगसमधून मेडुलातील न्यूक्लियस ट्रॅक्टस सॉलिटेरियसपर्यंत जातात.

दाब वाढला की भिंत ताणली जाते आणि संदेशांची वारंवारता वाढते. त्यामुळे व्हेगसचा प्रभाव वाढून हृदयाचे ठोके मंदावतात. सिंपथेटिक प्रवाह दबल्याने वाहिन्या सैलावतात. दाब उतरतो.

उभे राहताना याच्या उलट घडते. ताण कमी, म्हणून संदेशही कमी. सिंपथेटिक प्रवाहावरचा लगाम सुटतो: ठोके वाढतात, आकुंचन जोरदार होते, धमनिका आकसतात. शिराही आकसतात आणि साचलेले रक्त हृदयाकडे ढकलले जाते. उत्तरात हा शेवटचा टप्पा बहुधा सुटतो, पण घटलेला रक्तपुरवठा मुळात तोच भरून काढतो.

नियंत्रण

सायनसचे रिसेप्टर साधारण 60 ते 180 मिमी पारा या पट्ट्यात काम करतात आणि नेहमीच्या दाबाच्या आसपास सर्वांत संवेदनशील असतात. दाब एक-दोन दिवस चढाच राहिला, तर ते त्यालाच नेहमीचा दाब मानू लागतात. याला रिसेटिंग म्हणतात. प्रयोगात कुत्र्यांमधील या चेता तोडल्यावर सरासरी दाब फारसा बदलला नाही, पण दिवसभरातले चढउतार कितीतरी वाढले. म्हणजे ही क्रिया चढउतार आवरते. दीर्घकालीन पातळी मुख्यतः मूत्रपिंड ठरवते.

वैद्यकीय महत्त्व

उभे राहिल्यावर 3 मिनिटांत सिस्टॉलिक दाब किमान 20 किंवा डायस्टॉलिक किमान 10 मिमीने उतरणे म्हणजे ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन. मधुमेहातील ऑटोनॉमिक न्यूरोपॅथीत दाब पडूनही ठोके पुरेसे वाढत नाहीत. शरीरातील पाणी कमी झाल्यास ते वाढतात. म्हणून दाबाबरोबर नाडी मोजलीच पाहिजे. प्राझोसिनच्या पहिल्या मात्रेनंतरही रुग्ण उभा राहताच कोसळू शकतो.

कॅरोटिड सायनस अतिसंवेदनशील असल्यास घट्ट कॉलरनेही मूर्च्छा येते. हीच वाट वापरून कॅरोटिड मसाजने काही सुप्राव्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया थांबवता येतात. त्याआधी मानेवर स्टेथोस्कोप ठेवून ब्रुई नाही याची खात्री करावी आणि दोन्ही बाजू एकाच वेळी कधीही दाबू नयेत, कारण त्याने मेंदूचा रक्तपुरवठा तुटू शकतो.