बाणेर, पुणे: 22 मजली निवासी टॉवर, संध्याकाळचा बाह्यदृश्य प्रॉम्प्ट

फोटोसारखं वास्तव बाह्यदृश्य, उभी चौकट. दोन मजली पोडियमवर 22 मजले, एकूण उंची सुमारे 73 मीटर. ऑक्टोबर महिना, सूर्यास्तानंतर 20 मिनिटं. दर्शनी बाजू पूर्वेची, म्हणजे मावळतीची केशरी पट्टी इमारतीच्या मागे क्षितिजालगत आणि वर गडद निळं आकाश.

कॅमेरा रस्त्यापलीकडे 65 मीटरवर, जमिनीपासून 1.6 मीटर उंचीवर. 24 मिमी लेन्स, 12 मिमी वर शिफ्ट. कॅमेरा वर वाकवू नये, नाहीतर उभ्या रेषा आत झुकतात आणि टॉवर मागे कलल्यासारखा दिसतो.

पोडियमला काळ्या बेसाल्टचं खडबडीत क्लॅडिंग, 600 × 300 मिमी, सांधे 5 मिमी. वर फिकट राखाडी टेक्श्चर पेंट, डक्टपुढे टेराकोटा जाळी. बाल्कनीला पारदर्शक काचेचं रेलिंग, खाली 150 मिमी काँक्रीटची कड. स्लॅबखाली पावसाच्या ओघळांची पुसट खूण ठेवा; त्यानेच काँक्रीट खरं वाटतं.

दिवे 3000 केल्विन, पण फक्त 40 टक्के खिडक्या उजळलेल्या. सगळ्या पेटल्या की घरांचं हॉटेल होतं. काही ठिकाणी पडदे, एका बाल्कनीत वाळत घातलेले कपडे.

प्रवेशाशी 6 मीटरचा कडुनिंब, कुंपणालगत सोनचाफा, कडेला बांबू, खाली लिलीचे वाफे. ताड-माड नकोत. कोटा फरशी ओलसर, आरसा नव्हे.

टाळा: विषम मजले, तरंगती माणसं, धूसर कडा, भडक जांभळं आकाश, वाचता येणाऱ्या पाट्या.