कोर्ट आणि टॅक्सच्या कामासाठी पाटील यांना मुखत्यारपत्र द्यायचा बोर्डाचा ठराव

मीटिंग सोमवार १२ जानेवारी २०२६ ला सकाळी ११ वाजता उद्यमबागेतल्या फॅक्टरीच्या ऑफिसात झाली. चार डायरेक्टरपैकी तीन हजर होते, कोरमला दोघं पुरतात म्हणजे कोरम झाला, आणि मॅनेजिंग डायरेक्टर खुर्चीवर होते.

ठराव कशासाठी ते आधी लिहून ठेवतोय. मागच्या वर्षी जीएसटीची एक नोटीस पोर्टलवर 'View Additional Notices/Orders' मध्ये येऊन पडलेली आणि कुणाचंच लक्ष गेलं नाही, उत्तराची मुदत तशीच निघून गेली, कारण हे काम नक्की कुणाचं तेच ठरलेलं नव्हतं. आता कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाचा ६,४०,००० रुपयांचा चेक बाउन्स झालाय आणि प्रत्येक तारखेला डायरेक्टरनं शॉप बंद ठेवून कोर्टात बसायचं हे काही जमण्यासारखं नाही.

म्हणून असं ठरलं की अकाउंट्स मॅनेजर पाटील, एम्प्लॉयी नंबर १४, यांना कंपनीच्या वतीनं खालच्या कामांची पॉवर ऑफ अटर्नी द्यायची.

कोर्टाचं काम: बेळगाव जिल्ह्यातली कोर्टं, हायकोर्टाचं धारवाड खंडपीठ, आणि कुणी तिकडं केस घातली तर कोल्हापूरचं कोर्टसुद्धा. वकीलपत्रावर सही करणं, दावा, जबाब, अर्ज, अॅफिडेव्हिट सही करून दाखल करणं, कागद देणं-घेणं, तारखेला हजर राहणं. बाजू मात्र वकीलच मांडतील, पाटील नाही. कोल्हापूरच्या चेकची केस बेळगावातच चालंल कारण आपलं खातं इथल्या ब्रँचला आहे, आणि चेक परत आल्याचा बँकेचा मेमो हातात आल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेलीच पाहिजे, समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर त्यापुढच्या एका महिन्यात कंप्लेंट, ह्या तारखा सांभाळायची जबाबदारी पाटलांचीच. चेक त्यांनीच भरलेला, मेमोही त्यांनीच आणलेला, म्हणून त्याची साक्ष ते देतील, पण ऑर्डरचं बोलणं ज्या डायरेक्टरनं केलं त्याची साक्ष त्या डायरेक्टरनंच द्यायची, दुसऱ्याच्या माहितीवर पाटलांनी पिंजऱ्यात उभं राहायचं नाही.

टॅक्सचं काम: इन्कम टॅक्स आणि जीएसटीच्या नोटिसांना उत्तर देणं, सुनावणीला जाणं, रेकॉर्ड दाखवणं, अपिलाचे कागद तयार करणं. १ एप्रिल २०२६ पासून इन्कम टॅक्सचा नवा २०२५ चा कायदा लागू होतोय, तेव्हा ही पॉवर जुन्या आणि नव्या दोन्ही कायद्यांच्या कामाला धरायची. पोर्टल दर सोमवारी आणि गुरुवारी उघडून बघायचं आणि ASMT-10 किंवा DRC-01 ही जीएसटीची नोटीस आली की त्याच दिवशी मॅनेजिंग डायरेक्टरना कळवायचं. जीएसटीच्या अपिलाला तीन महिनेच मिळतात आणि वादातल्या टॅक्सचे दहा टक्के आधी भरावे लागतात, त्यामुळं अपील करायचं की नाही हे बोर्ड ठरवील, पाटील नाही.

आता हद्द, आणि ही सगळ्यांनी नीट वाचा. तडजोड करणं, केस मागं घेणं, कंपनीवर देणं आहे असं लिहून देणं, टॅक्सची मागणी मान्य करणं, यातलं काहीही बोर्डाच्या वेगळ्या ठरावाशिवाय करायचं नाही, रक्कम शंभर रुपये असली तरी. बँक खातं, कर्ज, जमीन, मशिनरी याला ही पॉवर लागूच नाही. इन्कम टॅक्सच्या रिटर्नवर सही मॅनेजिंग डायरेक्टरच करणार. त्यांची डिजिटल सहीची टोकन आणि ओटीपी पाटलांकडं द्यायचा नाही, घाईत असलो तरी नाही. कोर्ट फी आणि किरकोळ खर्च एका कामाला २५,००० रुपयांपर्यंत, वर लागलं तर आधी विचारायचं. ही पॉवर पाटलांनी दुसऱ्या कुणाला द्यायची नाही, वकील नेमायचा तर बोर्डानं मान्य केलेलाच.

कन्नडमधला कुठलाही कागद वकिलाकडनं मराठीत समजून घेतल्याशिवाय पाटलांनी सही करायची नाही. आपल्याकडं कन्नड बोलता येणारे खूप आहेत पण कोर्टाची कन्नड वेगळी असते, आणि एका शब्दानं कबुली होऊन बसते.

कंपनीला शिक्का नसल्यानं मुखत्यारपत्र योग्य स्टॅम्पवर इंग्रजीत करून त्यावर दोन डायरेक्टर सह्या करतील आणि नोटरीसमोर होईल, सोबत ह्या ठरावाची खरी प्रत लावायची. ते ३१ मार्च २०२७ पर्यंतच चालेल, आणि पाटलांनी नोकरी सोडली तर त्याच दिवशी संपेल. त्याआधीही बोर्ड केव्हाही काढून घेऊ शकेल, तसं झालं तर कोर्टाला, टॅक्स ऑफिसला आणि वकिलांना सात दिवसांत लेखी कळवायचं आणि मूळ कागद परत घ्यायचा. पाटलांनी हद्दीत राहून केलेलं काम कंपनीवर बंधनकारक राहील, हद्दीबाहेरचं नाही.

दर महिन्याच्या ५ तारखेला पाटील सगळ्या केसेसची स्थिती आणि पुढच्या तारखा एका कागदावर बोर्डाला देतील.

हजर तिन्ही डायरेक्टरनी ठराव एकमतानं मंजूर केला, मिनिट्स बुकात नोंदवला, आणि पाटलांना वाचून दाखवून त्यांची मान्यतेची सही घेतली.