डिग्री अटेस्टेशनबद्दल थोडं विचारायचं होतं

नमस्कार मॅडम, ऑफर लेटर मिळालं, थँक्यू! डॉक्युमेंट्सची लिस्ट पाहिली, त्यात नुसतं ‘डिग्री अटेस्टेड’ लिहिलंय, पण म्हणजे अपोस्टिल चालेल का एम्बसीचाच शिक्का लागेल? कारण जिथे नोकरी आहे तो देश १९६१ च्या हेग करारात असेल तर अपोस्टिलवर भागतं, नाहीतर एम्बसीच्या फेऱ्या आल्याच. आणि हे फक्त डिग्रीचं की सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीटचंपण?

दुसरं म्हणजे ट्रान्सलेशन आधी करायचं का अटेस्टेशननंतर? मला वाटतं नंतरच, कारण मागच्या शिक्क्याचंपण भाषांतर मागितलं तर परत खर्च. ट्रान्सलेटर इथला चालतो की तिकडचा शपथ घेतलेलाच हवा?

एक घोळ आहे, मी हौसेने डिग्री लॅमिनेट करून ठेवलीय, त्यावर शिक्का कसा बसणार, त्यामुळे डुप्लिकेट काढावी लागेल आणि युनिव्हर्सिटी त्याला किती दिवस लावेल देव जाणे. शिवाय पासपोर्टवर लग्नानंतरचं आडनाव आहे, डिग्रीवर माहेरचं, मॅरेज सर्टिफिकेट पुरेल ना?

माझा नोटीस पिरियड ६० दिवसांचा आहे, व्हिसाची फाईल कधीपर्यंत हवी ते कळलं की मगच राजीनामा टाकते. तोवर स्कॅन कॉपीवर काम सुरू होईल का?