रताळ्यांची आकृती: मागणी-पुरवठ्याचे वक्र कसे सरकतात

(सेकंड पीयूसी, अर्थशास्त्र. समतोल किमतीच्या उजळणीसाठी)

ही उजळणी एका फोटोवरून आहे. त्यात रताळ्यांच्या मागणी-पुरवठ्याची आकृती आहे आणि तिच्याखालची ओळ अशी: “महाशिवरात्रीच्या आठवड्यात रताळ्यांची मागणी D₁ वरून D₂ वर. समतोल E₁ वरून E₂. आकडे काल्पनिक.” फोटोची उजवी कड कापली गेली आहे, त्यामुळे S या अक्षराचा शेंडा दिसत नाही. तरी डावीकडून उजवीकडे वर चढणारी रेघ एकच आहे आणि तोच पुरवठा वक्र.

उभ्या अक्षावर किंमत P (रुपये किलोला), आडव्या अक्षावर त्या किमतीला जुळणारा माल, म्हणजे नग Q (क्विंटल). किंमत उभ्या अक्षावर घेण्याची पद्धत आल्फ्रेड मार्शल यांच्या 1890 च्या ग्रंथापासून रुळली. गणिताच्या सवयीने अक्ष उलटे काढू नका.

आकृतीवरचे बिंदू समीकरणात बसवले तर असे येतात:

D₁: Qd = 100 − 2P
D₂: Qd = 130 − 2P
S: Qs = 10 + P

आधीचा समतोल E₁. 100 − 2P = 10 + P, म्हणून P = 30, Q = 40. तीस रुपयांना जेवढा माल गिऱ्हाईक मागतं, तेवढाच बाजारात येतो.

मागणी का सरकली? शिवरात्रीचा उपवास. भाव तोच 30 असतानाही लोकांना जास्त रताळी हवी आहेत, म्हणून प्रत्येक भावाला मागणी 30 क्विंटलने वाढली आणि अख्खी रेघ उजवीकडे गेली. उत्पन्न वाढलं, आवड बदलली, साबुदाण्यासारखी पर्यायी वस्तू महागली, तरी असंच होतं. रताळ्यांचा स्वतःचा भाव मात्र या यादीत कधीच येत नाही. तो बदलला की आपण त्याच वक्रावर वर-खाली जातो. त्याला मागणीचा विस्तार किंवा संकोच म्हणायचं. वक्र सरकला तर मागणीतील वृद्धी किंवा ऱ्हास.

E₁ वरून E₂ वर कसे पोचतो? उत्तरात ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि गुण तिथेच जातात. जुन्याच भावाला, म्हणजे 30 ला, आता मागणी 70 आणि पुरवठा 40. तुटवडा 30 क्विंटलचा. माल कमी पडला की गिऱ्हाईक चढा भाव द्यायला तयार होतं. भाव चढतो तशी काही गिऱ्हाइकं हात आखडता घेतात आणि शेतकरी जास्त माल बाजारात आणतो. तुटवडा संपतो तिथे E₂: P = 40, Q = 50. इथे पुरवठा वक्र जागचा हललेला नाही. पुरवठा 40 चा 50 झाला तो S वरूनच चढून, म्हणजे हा पुरवठ्याचा विस्तार. “मागणी वाढली म्हणून पुरवठा वक्रही सरकला” हे वाक्य चूक आहे.

फोटोत नाही, पण हवंच: पुरवठा सरकला तर. बेळगावच्या पश्चिम भागातल्या लाल मातीत खरिपाला रताळ्याचे वेल लावतात. समजा, अतिपावसाने पीक कुजलं. मागणी D₁ च, पण प्रत्येक भावाला माल 30 क्विंटलने कमी:

S₂: Qs = P − 20

100 − 2P = P − 20, म्हणून P = 40, Q = 20.

भाव पुन्हा 40 च! मला ही तुलना सगळ्यात महत्त्वाची वाटते. नुसता भाव 30 चा 40 झाला एवढ्यावरून कोणता वक्र सरकला हे सांगता येत नाही. नग पाहावे लागतात. भावाबरोबर विक्री वाढली (40 ची 50) तर मागणी उजवीकडे गेली. भाव वाढून विक्री घटली (40 ची 20) तर पुरवठा डावीकडे गेला. मजुरी, वाहतूक, वेलांचा खर्च वाढला तरी पुरवठा डावीकडेच जातो. हंगाम चांगला किंवा खर्च कमी, तर उजवीकडे.

आकृतीत पुरवठा “वर-खाली” गेला असं म्हणू नका. डावीकडे सरकलेला पुरवठा वक्र वर गेल्यासारखा दिसतो आणि पुरवठा वाढला असा गैरसमज होतो. कायम डावी-उजवी बाजूच बोला.

दोन्ही एकदम सरकले तर. शिवरात्रही आणि पीकही बुडालं: 130 − 2P = P − 20, म्हणून P = 50, Q = 30. भाव वाढणार हे आकृती न काढताही ठरलेलं, कारण दोन्ही बदल त्याला वरच ढकलतात. नगांचं मात्र आधी सांगता येत नाही: मागणी ते वाढवू पाहते, पुरवठा घटवू पाहतो. इथे दोन्ही वक्र सारखेच, 30 क्विंटलने सरकले आणि नग 40 चे 30 झाले. हेच पुरवठा फक्त 9 ने घटला असता, तर 130 − 2P = 1 + P, म्हणजे P = 43, Q = 44; नग उलट वाढले असते.

सरावासाठी: मागणी D₂ आणि भरपूर पिकामुळे पुरवठा Qs = 40 + P. उत्तर P = 30, Q = 70. भाव जागचा हलला नाही, तरी दोन्ही वक्र सरकलेले आहेत.